एक खातं बंद, १४ जण घरी: भरपाईचा हिशेब बरोबर आहे का?

सायली_भांडुप
बाबांच्या कारखान्यातलं प्लेटिंगचं खातं २८ फेब्रुवारी २०२६ ला बंद झालं. कारखाना भांडुपला आहे, नळ आणि बाथरूमची फिटिंग्ज बनवतात. ओतकाम, मशीनिंग, बफिंग, पॅकिंग एका मोठ्या गाळ्यात आणि प्लेटिंग त्याच इस्टेटीत मागच्या ओळीतल्या भाड्याच्या गाळ्यात. त्या गाळ्याचं लीज संपलं, गाळेवाल्याने वाढवून दिलं नाही. शेठनी ठरवलं की आता प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला द्यायचं. बाकीचा कारखाना जोरात चालू आहे. एकूण कामगार ३८, त्यातले १४ प्लेटिंगचे.

बाबा १ जुलै २००८ पासून तिथे प्लेटर आहेत. पगार मूळ आणि महागाई मिळून १५,६००, घरभाडे २,४००, प्रवास वगैरे १,५००, म्हणजे हातात येण्याआधी १९,५००. गेल्या दिवाळीपासून त्यात बदल नाही. नोटीस अशी मिळालीच नाही, २६ तारखेला सुपरवायझरने तोंडी सांगितलं. आता एक कागद दिलाय. त्यात ग्रॅच्युइटी १,६२,००० आणि 'अपरिहार्य परिस्थितीमुळे बंद, म्हणून तीन महिन्यांची भरपाई' ४६,८००. खाली पावती आहे, 'यापुढे माझे कंपनीकडे काहीही येणे राहिले नाही'. चौघांनी सही केली. बाबा म्हणतात शेठ चांगला माणूस आहे, सही करून मोकळं होऊ. मला हा तीन महिन्यांचा आकडा पटत नाहीये. कुणी सांगेल का?

लालबावटा६२
सही अजिबात करू देऊ नका! सरकारची परवानगी घेतल्याशिवाय कारखाना बंदच करता येत नाही. परवानगीचा कागद मागा. नसेल तर बंदी बेकायदेशीर, सगळे परत कामावर आणि पूर्ण पगार. गिरण्यांच्या वेळी आम्ही हेच भांडलो.

निवृत्त_टाइमकीपर
दादा, ती परवानगी मोठ्या कारखान्यांना. पूर्वी १०० कामगारांची अट होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत ती ३०० झाली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि सायलीच्या बाबांचं खातं त्यानंतर बंद झालंय. ३८ माणसांच्या कारखान्याला परवानगी लागत नाही. बंद करण्याआधी सरकारला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीही ५० पेक्षा कमी कामगार असतील तर नाही. त्या वाटेने गेलात तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील हसेल.

पण सही करू नका, हे मात्र शंभर टक्के बरोबर.

सायली, मी बेलापूर पट्ट्यात पस्तीस एक वर्षं मस्टर आणि पगारपत्रक सांभाळलंय, म्हणून आधी हिशेबाचं बोलतो.

ग्रॅच्युइटीचा आकडा बरोबर आहे. १५,६०० ला २६ ने भागून १५ ने गुणलं की ९,००० येतात. नोकरी १७ वर्षं ८ महिने, म्हणजे वरचे महिने सहापेक्षा जास्त, म्हणून १८ वर्षं धरायची. १,६२,०००. तिथे कुणी काही खाल्लेलं नाही.

खरी गोम भरपाईत आहे. एखादी जागा किंवा तिचा भाग कायमचा बंद झाला की कामगाराला कपात झाल्यासारखीच, म्हणजे मालकाने माणूस जास्तीचा म्हणून कामावरून कमी केल्यासारखीच, नोटीस आणि भरपाई मिळते: प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. बाबांचा अर्धा महिना ७,८००, गुणिले १८, म्हणजे १,४०,४००. ही ग्रॅच्युइटीहून वेगळी रक्कम आहे. बरेच मालक सांगतात की ग्रॅच्युइटी दिली ना, मग संपलं. संपत नाही. शिवाय महिन्याची लेखी नोटीस दिली नाही, म्हणून एक महिन्याचा पगार १५,६००.

आता तीन महिन्यांची मर्यादा कुठून आली? ती कायद्यात आहे, कंपनीच्या कन्सल्टंटने हवेतून काढलेली नाही. मालकाच्या ताब्याबाहेरच्या अपरिहार्य परिस्थितीमुळे बंद करावं लागलं, तर भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारापुरतीच. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की केवळ आर्थिक अडचण किंवा तोटा, माल पडून राहणं, किंवा लीज वा परवान्याची मुदत संपणं, एवढ्यावरून परिस्थिती अपरिहार्य ठरत नाही. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम २५-एफएफएफ होतं, आता संहितेचं कलम ७५. तुमच्या शेठने नेमकं तेच कारण कागदावर लिहिलंय जे कायद्याने नाव घेऊन बाद केलंय.

म्हणजे कागदावर २,०८,८०० आणि माझ्या हिशेबाने ३,१८,०००. फरक १,०९,२००. शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस वेगळे.

सायली_भांडुप
बाप रे. एक लाखाच्या वर! बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणतात, "लीज संपलं त्यात शेठचा काय दोष?"

गाळामालक
बाबा बरोबर बोलतायत. मी स्वतः वीस माणसांचा कारखाना चालवतो. गाळेवाला रीडेव्हलपमेंटला बसला की आम्ही काय करायचं? प्लेटिंगला पाणी लागतं, सांडपाण्याची सोय लागते, प्रदूषण मंडळाची संमती लागते. मुंबईत तशी दुसरी जागा मिळवून दाखवा. ही परिस्थिती अपरिहार्य नाही तर कुठली?

निवृत्त_टाइमकीपर
लीज कधी संपणार हे लीजवर सही केली त्या दिवशी माहीत असतं. स्पष्टीकरणात ते घालण्यामागे हाच विचार असावा. आता तुमचा मुद्दा जरा वेगळा आहे. 'केवळ' लीज संपलं म्हणून नाही, तर लीज संपलं आणि पर्यायी जागा खरोखर शोधूनही मिळाली नाही, असा बचाव मालक घेऊ शकतो. पण मग शोधल्याचा पुरावा लागतो. दलालांशी पत्रव्यवहार, मंडळाकडे केलेला अर्ज, काहीतरी. सायलीच्या केसमध्ये शेठने जागा शोधलीच नाही, जॉबवर्क स्वस्त पडतंय म्हणून खातं मोडलं, असं दिसतंय. तो धंद्याचा निर्णय झाला. तसा निर्णय घ्यायला त्यांना कुणी अडवत नाही, फक्त त्याचे पूर्ण पैसे द्यायचे.

गाळामालक
मान्य, पण आकडा बघा. १४ माणसं गुणिले लाख-दीड लाख. ग्रॅच्युइटीसाठी आम्ही एलआयसीत भरतो, ती तिथून निघते. भरपाईसाठी कुणी बाजूला काढत नाही, ती थेट खिशातून जाते. म्हणून कन्सल्टंट असली पळवाट सुचवतात. बरोबर म्हणत नाही मी, का होतं ते सांगतोय.

स्नेहा_पी
माझ्या नवऱ्याला व्हीआरएसमध्ये खूप चांगलं पॅकेज मिळालं होतं, वर्षाला ४५ दिवस. तुम्हीपण तेवढे मागा ना, १५ दिवस फारच कमी आहेत. टॅक्सचं मात्र बघून घ्या.

काळाकोट
स्नेहाताई, व्हीआरएस म्हणजे कामगार स्वतःहून बाहेर पडतो, तिथे पॅकेज वाटाघाटीने ठरतं. इथे काढलंय. कायद्यातले १५ दिवस हा तळ आहे, करार करून जास्त घेता येतात, पण तो हक्क म्हणून मागता येणार नाही. कपातीच्या भरपाईवर पाच लाखांपर्यंत आयकर माफी आहे, तेव्हा सायलीने त्याची काळजी करू नये.

टाइमकीपर साहेबांचा हिशेब ठीक आहे. मी दोन गोष्टी जोडतो.

पहिली, पगार कुठला धरायचा. जुन्या कायद्यात 'पगारा'त घरभाड्यासारखे भत्ते येत होते. तो कायदा असता तर अर्धा महिना ९,७५० आणि भरपाई १,७५,५०० झाली असती. नव्या संहितेत पगार म्हणजे मूळ आणि महागाई. घरभाडे, प्रवासखर्च बाहेर. हे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारात परत येतो, पण तुमच्या बाबांचे भत्ते ३,९०० च आहेत, त्याचा उपयोग नाही. म्हणजे कायदा बदलल्याने इथे ३५,१०० रुपये कमी झाले. मूळ पगार तोकडा आणि भत्ते भरमसाट अशी स्लिप असणाऱ्यांनी हे नीट बघावं. सतरा वर्षांची नोकरी जुन्या कायद्याखाली झाली, म्हणून तेवढ्या काळाला जुनी व्याख्या लावा, असा युक्तिवाद मी तरी करेन. टिकेल का ते कोर्ट ठरवेल.

दुसरी गोष्ट पैशांहून मोठी असू शकते. हे खरंच 'बंद' आहे की 'कपात'?

लालबावटा६२
नाव काही द्या हो, माणूस घरी बसला ना. शिवाय भरपाईपण २६ नेच भागायची असते, म्हणजे तीपण १,६२,०००. आमच्या युनियनने तशीच घेतली होती.

काळाकोट
करारात घेतली असेल तर उत्तम. पण २६ चा भागाकार ग्रॅच्युइटीच्या कायद्यात लिहिलेला आहे म्हणून तिथे लागतो. कपातीच्या भरपाईला तो लावायचा नाही, महिना ३० दिवसांचाच धरायचा, असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये गुरु जंभेश्वर विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलंय.

आणि नावाने फरक पडतो, फार पडतो. कपातीत नोटीस आणि भरपाई आधी द्यावी लागते. न देता काढलं तर काढणंच बाद. शिवाय त्या वर्गातला जो शेवटी लागला तो आधी जातो. ज्येष्ठाला घालवून कनिष्ठाला ठेवलं तर लेखी कारण द्यावं लागतं. वर्षाच्या आत पुन्हा भरती केली तर आधी या लोकांना विचारावं लागतं. जागा बंद झाली असेल तर यातलं काही नाही. भरपाई कमी दिली म्हणून बंद करणं रद्द होत नाही, फक्त पैसे वसूल करता येतात. हे १९६० पासून ठरलेलं आहे.

म्हणून प्रश्न असा की प्लेटिंग ही वेगळी आस्थापना होती, की एकाच कारखान्याचं एक खातं?

सायली_भांडुप
ते कसं कळायचं? दोन गाळ्यांत शंभर पावलांचं अंतर आहे. बफिंग झालेले नळ ट्रॉलीवर घालून मागच्या गाळ्यात न्यायचे, क्रोम चढवून तीच ट्रॉली पॅकिंगला परत यायची. बाबांनी स्वतः ढकलली आहे ती.

काळाकोट
ती ट्रॉली तुमच्या बाजूने बोलते, पण ती एकटी पुरत नाही. कोर्ट बघतं की एक भाग दुसऱ्याशिवाय चालू शकतो का, मालकी आणि व्यवस्थापन एकच आहे का, माणसांची इकडून तिकडे बदली होते का. १९८७ मध्ये मुंबईच्याच ईशा स्टील ट्रीटमेंटचा निकाल आहे. हीट ट्रीटमेंटची दोन युनिटं, त्यातलं एक बंद. युनियनचं म्हणणं होतं की दोन्ही मिळून एक. सुप्रीम कोर्टाने मानलं नाही, एक युनिट दुसऱ्यावर अवलंबून नव्हतं. तुमच्याकडे मात्र नळ प्लेटिंगशिवाय विकलाच जात नाही. उलट शेठ म्हणणार, बाहेरून प्लेटिंग करून घेतोय आणि कारखाना व्यवस्थित चालतोय, म्हणजे अवलंबून नाहीच. आणि नुसता 'भाग' कायमचा बंद करणं हेही व्याख्येत बसतं. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे.

निवृत्त_टाइमकीपर
कागदांवरून अंदाज येतो. सायली, हे बघ: दोन्ही गाळ्यांना फॅक्टरी लायसन्स एक की दोन? ईएसआय आणि पीएफचा कोड एकच का? मस्टर एक की वेगवेगळं? बाबांच्या जुन्या स्लिपा काढ, त्यावर खात्याचं नाव छापलेलं असतं. कधी त्यांना बफिंगला किंवा पॅकिंगला लावलं होतं का? लायसन्स वेगळं, मस्टर वेगळं, बदली कधीच नाही, असं असेल तर शेठची बाजू जड.

राहुल_साकीनाका
मीपण विचारू का? मी कंत्राटदाराकडून प्रेसवर आहे, सहा वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी दहा दिवस ब्रेक देतात. आमचापण प्रेस विभाग बंद होणार म्हणतात. मला ठेकेदार बोलला तुझी एका वर्षाचीपण सर्व्हिस नाही.

निवृत्त_टाइमकीपर
ठेकेदार तुला गुंडाळतोय. मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं की वर्षाची अखंड सेवा धरली जाते. दोन ब्रेकचे वीस दिवस गेले तरी पगारी सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्टी धरून तू २४० च्या पुढे जातोस. रविवार आणि पगारी सुट्ट्या मोजायच्या, हा सुप्रीम कोर्टाचा १९८५ चा निकाल आहे. पण तुझा मालक कोण, ठेकेदार की कंपनी, हे मोठं भांडण आहे. त्यासाठी वेगळा धागा काढ. हजेरीचे फोटो, बँकेत पगार कुणाकडून जमा होतो ते स्टेटमेंट आत्ताच जपून ठेव.

सायली_भांडुप
कागद शोधले. ईएसआय आणि पीएफ कोड दोन्ही गाळ्यांचा एकच. लायसन्स माहीत नाही. २०१९ मध्ये चार महिने बाबांना बफिंगला पाठवलं होतं, स्लिपवर 'बफिंग' असं छापलंय! आणि आज कळलं की १४ पैकी दोघांना पॅकिंगला ठेवून घेतलंय. दोघेही २०२१ नंतरचे, बाबांच्या कितीतरी मागून आलेले. एक सुपरवायझरचा भाचा आहे.

काळाकोट
आता केस बदलली. कोड एक, बदली झालेली, आणि कनिष्ठांना त्याच कारखान्यात ठेवलंय. हे एकच आस्थापन होतं आणि झाली ती कपात, असं म्हणायला तुमच्याकडे जागा आहे. मग नोटीस, भरपाई आधी न दिल्याचा मुद्दाही उभा राहतो. एक अडचण सांगून ठेवतो. ज्येष्ठता 'त्या वर्गा'त मोजतात. ते दोघे हेल्पर असतील आणि बाबा प्लेटर, तर शेठ म्हणेल वर्गच वेगळा. त्यांची नेमणूकपत्रं मिळाली तर बघा.

आणि अपेक्षा माफक ठेवा. कपात बेकायदा ठरली तरी कोर्ट हल्ली सरसकट कामावर परत घ्यायला सांगत नाही, बरेचदा एकरकमी पैसे देतं. तेही वर्षांनी.

लालबावटा६२
मग मालकाच्या अनुचित प्रथांविरुद्ध एमआरटीयू-पीयूएलपी कायद्याखाली तक्रार टाका. आमचा हुकमी एक्का तोच. मुदत ९० दिवस, विसरू नका.

काळाकोट
हे अगदी बरोबर. १९७१ चा राज्याचा कायदा आहे. नवी संहिता आल्यावर तो कितपत आणि कसा चालवायचा यावर वकिलांमध्येच दोन मतं आहेत. मी असतो तर ९० दिवसांच्या आत तक्रारही टाकली असती आणि कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे अर्जही. समेटासाठी दोन वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबायचं कारण नाही.

निवृत्त_टाइमकीपर
कोर्टाआधी एक पत्र द्या. वांद्र्याला कामगार भवनात जायच्या आधी. पत्रात फक्त हिशेब: नेमणुकीची तारीख, १८ वर्षं, ७,८०० चा दर, नोटीस पगार, आणि 'लीज संपणे हे अपरिहार्य कारण धरता येत नाही' हे एक वाक्य. भांडणाची भाषा नको. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोच ठेवा. कंपनीने चेक दिला तर घ्या, नाकारू नका, पण पावतीवर स्वतःच्या हाताने 'हरकत राखून, भरपाईचा हक्क कायम ठेवून' असं लिहून मगच सही. ते लिहू देत नसतील तर सही न करता या. राजीनामा तर मुळीच नको, तारीख न घातलेला कागदसुद्धा नको. काम सुटल्यावर पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, फेब्रुवारीचा आला का?

सायली_भांडुप
नाही आला अजून. "सही करा मग सगळं एकत्र देतो."

निवृत्त_टाइमकीपर
ही नेहमीची युक्ती. केलेल्या कामाचा पगार आणि भरपाई यांची गाठ मारता येत नाही. पत्रात तेही घाला.

स्नेहा_पी
राजीनाम्यावरून आठवलं, ईएसआयमध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना म्हणून बेकारी भत्ता असतो, कारखाना बंद झाला किंवा कपात झाली तर. आमच्या शेजाऱ्यांना मिळाला होता. राजीनामा दिला की मिळत नाही. शाखा कार्यालयात सध्याचे नियम विचारून घ्या.

गाळामालक
आणखी एक, मला माझ्या कन्सल्टंटने परवा सांगितलं. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आलाय. कपात केलेल्या प्रत्येक माणसामागे मालकाने १५ दिवसांचा पगार त्यात भरायचा, तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा होतो. म्हणजे बाबांचे आणखी ७,८००. आमच्या बाजूने बोलायला आलो आणि तुमचाच आकडा वाढवून दिला!

काळाकोट
धन्यवाद, हे राहिलं होतं. कलम ८३. मात्र तिथे शब्द 'कपात' आहे. बंद झाल्यावर भरपाई 'कपात झाल्यासारखी' द्यायची, पण निधीही द्यायचा का, यावर मला तरी अजून निकाल सापडलेला नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, बंद की कपात. मागायला हरकत नाही.

सायली_भांडुप
पत्र गेलं, सात जणांच्या सह्यांनी. चौघांनी आधीच सही केली होती, आणि एकाला गावी जायची घाई आहे, तो मिळेल ते घेतो म्हणतो. कंपनीच्या कन्सल्टंटचा फोन आला. पूर्ण १५ दिवसांच्या दराने आणि नोटीस पगारासकट द्यायला तयार आहेत, दोन हप्त्यांत. निधीचं 'बघू' म्हणाला. पॅकिंगच्या दोघांबद्दल विचारलं तर फोन ठेवला. बाबांचं मन हप्ते घेऊन मिटवायकडे आहे. बाकीच्यांपैकी तिघांना कामच परत हवंय.

काळाकोट
पैसे हवे असलेल्यांनी समेट अधिकाऱ्यासमोर करार करावा, खासगी पावतीवर नाही. हप्त्यांच्या तारखा आणि चेक नंबर त्यातच. कामावर परत जायचं असलेल्या तिघांनी त्या करारात सही करू नये, त्यांची वाट वेगळी. त्यांना ९० दिवसांची तारीख आजच कॅलेंडरवर लिहायला सांगा.

राहुल_साकीनाका
ज्या चौघांनी आधीच सही केली त्यांचं काय? त्यांना फरक मागता येतो का?

निवृत्त_टाइमकीपर
मागता येतो, कायद्याने दिलेला तळ पावतीने पुसला जात नाही असं माझं मत. वकील काय म्हणतात बघू.

काळाकोट
मागू शकतात, पण वाट चढणीची. समोरचा म्हणणार समजून-उमजून मिटवलं. पावती कुणी लिहिली, वाचून दाखवली का, सहीशिवाय पगार रोखला होता का, यावर ठरेल. सायली, त्या चौघांचाही फेब्रुवारीचा पगार सहीनंतरच दिला होता का, एवढं विचारून इथे टाक.